न सांगता घरात येणाऱ्या घरमालकांना पत्र

घरमालकाकडे फ्लॅटची दुसरी किल्ली असण्यात गैर काही नाही. भाडेकरूला न विचारता ती किल्ली दाराला लागली, की त्रास सुरू होतो. दुपारी ऑफिसातून लवकर यावं तर सेफ्टी डोअर उघडं आणि मालक काका बाथरूममध्ये गीझर पाहत उभे. कधी माळ्यावर ठेवलेली त्यांची जुनी बॅग न्यायला आलेले, तर कधी फ्लॅट विकायचा म्हणून कुणा अनोळखी लोकांना बेडरूम दाखवत असलेले. विचारलं तर म्हणतात, 'अहो, घर आपलंच आहे, परके का समजता?' त्यांच्या मनात खोट नसते, त्यामुळे भाडेकरूला रागावताही येत नाही. तो काही दिवस गप्प बसतो, मग दिवसाही आतून कडी लावू लागतो आणि शेवटी एक दिवस जिन्यात सगळ्यांसमोर भांडण होतं.

भांडणाआधी एक चांगलं पत्र लिहिता येतं. ते कसं लिहायचं हे महाराष्ट्रातल्या नेहमीच्या अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स कराराच्या उदाहरणावरून पाहू. पुण्यात कोथरूडला एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर दोन बेडरूमचा फ्लॅट आहे. त्यात नवराबायको राहतात, दोघंही नोकरी करतात आणि बायको आठवड्यातले दोन दिवस घरून काम करते. मालक निवृत्त आहेत आणि त्याच सोसायटीत बी विंगमध्ये राहतात. करार नोंदणी केलेला आहे. दीड महिन्यात काका चार वेळा न सांगता आत आले. चौथ्या वेळी, सकाळी साडेआठला, बायको घरात एकटी होती.

पत्र लिहायला बसण्याआधी कपाटातला करार काढून नीट वाचा. आपल्याकडे एजंट ऑनलाइन नोंदणी करून देतो, अंगठा उमटतो, फोटो निघतो आणि करार न वाचताच फाइलमध्ये जातो. नोंदणीच्या नेहमीच्या नमुन्यात तपासणीचं एक कलम असतं. त्याचा आशय असा की मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी, लायसेन्सीला वाजवी पूर्वसूचना देऊन, वाजवी अंतराने घराची पाहणी करू शकतो. तुमच्या करारात त्याचे नेमके शब्द काय आहेत आणि कलमाचा क्रमांक कोणता, ते टिपून ठेवा. काही एजंट 'मालक केव्हाही पाहणी करू शकतील' असं वाक्य घालतात. तसं असेल तर पत्राची भाषा थोडी बदलावी लागते, कारण मग कराराचा आधार कमी होतो आणि कायद्याचाच जास्त राहतो.

कायद्याचा आधार अगदी थेट आहे, पण तो फार कमी भाडेकरूंना माहीत असतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २८ नुसार मालकाला घराची पाहणी करण्याचा हक्क आहे, मात्र तो वाजवी वेळी आणि भाडेकरूला, लायसेन्सीला किंवा तिथे राहणाऱ्याला आधी सूचना देऊन बजावायचा आहे. यातला 'लायसेन्सी' हा उल्लेख मला फार मोलाचा वाटतो. लिव्ह अँड लायसन्सवर घर देणारे मालक हमखास एक युक्तिवाद करतात: हे भाडं नाही, ही नुसती राहण्याची परवानगी आहे, घराचा ताबा कायद्याने माझ्याकडेच आहे, म्हणून मी केव्हाही येऊ शकतो. यातला पहिला भाग खोटा नाही. लायसन्समुळे घरात हक्क निर्माण होत नाही आणि कित्येक करारांत कायदेशीर ताबा मालकाचाच राहील असं स्पष्ट लिहिलेलं असतं. पण कलम २८ लायसन्सवर दिलेल्या घरालाही लागू आहे. त्यामुळे कायदेशीर ताबा कुणाचाही असो, आधी कळवणं सुटत नाही.

एक अपवाद लक्षात ठेवावा. फ्लॅट तुमच्या नावावर नसून कंपनीने घेऊन तुम्हाला दिला असेल, आणि त्या कंपनीचं भरणा झालेलं भागभांडवल एक कोटी रुपये किंवा त्याहून जास्त असेल, तर हा अधिनियम त्या घराला लागू होत नाही. मग पत्रात कलम २८ लिहू नये. करारातल्या तपासणीच्या कलमावरच बोलावं, आणि पत्र कंपनीच्या प्रशासन विभागामार्फत जाईल असं पाहावं, कारण करार त्यांचा आहे.

यानंतर तारखा जमवाव्यात. 'तुम्ही सारखे येता' या वाक्याने पत्र कमकुवत होतं, कारण समोरचा माणूस लगेच 'सारखा कुठे, एकदाच तर आलो होतो' असं म्हणतो, आणि मग येण्यावर बोलायचं सोडून 'सारखा' या शब्दावर वाद सुरू होतो. प्रत्येक वेळची तारीख, अंदाजे वेळ, आलेलं कारण आणि घरी कोण होतं एवढंच लिहावं. आठवणीतून लिहिताना फोन पाहावा. त्या दिवशी तुम्ही नवऱ्याला किंवा बहिणीला 'काका परत येऊन गेले' असा मेसेज केलेला असतो, त्यावर तारीख आणि वेळ दोन्ही असतात. घरी कुणी नसताना मालक येऊन गेले हे वॉचमनकडून कळलं असेल तर 'वॉचमनकडून समजलं' असं लिहावं, स्वतः पाहिल्यासारखं लिहू नये. चारपैकी एका तारखेची खात्री नसेल तर ती वगळावी. तीन पक्क्या तारखा पुरतात. एक चुकली तर बाकीच्यांवरचाही विश्वास जातो.

पत्राआधी एकदा तोंडी बोलावं, आणि ते दारात किंवा लिफ्टमध्ये नको. काकांकडे जाऊन, बसून सांगावं की येण्याला हरकत नाही, पण आधी एक मेसेज करा. पुष्कळ प्रकरणं इथेच मिटतात. शब्द देऊनही पुन्हा न सांगता येणं झालं तर पत्र. मात्र मालकाच्या येण्याची भीती वाटत असेल, बाई एकटी असताना मुद्दाम येणं होत असेल, तर तोंडी बोलण्याची पायरी गाळावी. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

कोथरूडच्या त्या जोडप्याचं पत्र असं होईल :

दिनांक : १४ जुलै

प्रति,
श्री. ……………
बी विंग, …………… सोसायटी, कोथरूड, पुणे

विषय : फ्लॅट ए-३०४ मध्ये येण्याआधी कळवण्याबाबत

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

आम्ही १ एप्रिलपासून आपल्या फ्लॅटमध्ये राहत आहोत. स्वयंपाकघरातली गळती असो की मेन स्विचचं काम, आपण प्रत्येक वेळी तत्परतेने करून दिलंत, त्याबद्दल मनापासून आभार.

एका गोष्टीबद्दल मात्र लेखी कळवणं आवश्यक वाटतं. गेल्या दीड महिन्यात पुढील वेळी, आम्हाला आधी न कळवता, आपल्याकडील किल्लीने फ्लॅट उघडण्यात आला :

६ जून, दुपारी सुमारे ३ वाजता, गीझर पाहण्यासाठी.
१९ जून, दुपारी, माळ्यावरची बॅग नेण्यासाठी. त्या वेळी घरी कुणी नव्हतं, हे आम्हाला वॉचमनकडून समजलं.
३ जुलै, संध्याकाळी सुमारे ६ वाजता, फ्लॅट पाहायला आलेल्या दोन व्यक्तींसह.
११ जुलै, सकाळी सुमारे ८.३० वाजता, भिंतीची ओल पाहण्यासाठी. त्या वेळी माझी पत्नी घरात एकटी होती.

१९ जूननंतर आपलं याबद्दल बोलणं झालं होतं आणि पुढे कळवून येईन असं आपण म्हणाला होता. आपला हेतू घराची काळजी घेण्याचा आहे याबद्दल आम्हाला शंका नाही. पण दार केव्हाही उघडेल या विचाराने आम्हाला घरात निर्धास्त राहता येत नाही. यापुढे आधी कळवल्याशिवाय फ्लॅटमध्ये येऊ नये, अशी आमची स्पष्ट विनंती आहे.

घराची पाहणी करण्याचा आपला हक्क आम्हाला मान्य आहे. आपल्या करारातील तपासणीच्या कलमात तो वाजवी पूर्वसूचना देऊन बजावायचा आहे, आणि महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २८ मध्येही वाजवी वेळ आणि पूर्वसूचना या अटी आहेत. वाजवी म्हणजे काय यावरून आपल्यात पुन्हा गैरसमज होऊ नये म्हणून पुढील पद्धत सुचवतो :

१. पाहणी, दुरुस्ती किंवा आपलं सामान नेण्यासाठी यायचं असल्यास आदल्या दिवशी, म्हणजे किमान २४ तास आधी, आम्हा दोघांच्या व्हॉट्सॲपवर कारण, दिवस आणि वेळ कळवावी. आम्ही त्याच दिवशी उत्तर देऊ. ती वेळ जमत नसल्यास पुढच्या तीन दिवसांतली दुसरी वेळ आम्ही सुचवू.

२. वेळ सकाळी १० ते संध्याकाळी ७ या दरम्यान असावी आणि आमच्यापैकी एकजण घरी असताना असावी. आम्ही दोघंही नसताना काम करून घ्यायचं असल्यास तसं आम्ही मेसेजवर लिहून देऊ.

३. आग, गॅसचा वास, पाण्याची मोठी गळती किंवा शॉर्टसर्किट अशा प्रसंगी सूचनेची वाट पाहू नये. आधी आम्हा दोघांना फोन करावा. फोन न लागल्यास सोसायटीच्या सेक्रेटरींना किंवा वॉचमनला सोबत घेऊन आत जावं आणि नंतर लगेच मेसेज करावा.

४. फ्लॅट विक्रीसाठी किंवा नव्या भाडेकरूंना दाखवायचा असल्यास आम्ही दर शनिवारी ११ ते १ आणि बुधवारी संध्याकाळी ६ ते ७ ही वेळ राखून ठेवू. येणाऱ्यांची नावं आदल्या दिवशी कळवावीत.

५. आपल्याकडील किल्ली पाकिटात घालून, पाकिटाच्या तोंडावर आपण आणि आम्ही सही करून, आपल्याकडेच राहू द्यावी. वरील तिसऱ्या मुद्द्यातल्या प्रसंगी किंवा आम्ही मेसेजवर लिहून दिल्यावरच पाकीट उघडावं.

६. माळ्यावरचं आपलं उरलेलं सामान या महिन्यात सोयीच्या दिवशी न्यावं. त्यासाठी येत्या शनिवारी किंवा रविवारी आम्ही दिवसभर घरी आहोत.

यात काही बदल सुचवायचे असल्यास अवश्य सांगावेत, आम्ही भेटायला येऊ. मान्य असल्यास व्हॉट्सॲपवर 'मान्य आहे' एवढं कळवलं तरी पुरेल. २१ जुलैपर्यंत उत्तर मिळावं, ही विनंती.

आपले,
(दोघांच्या सह्या आणि फोन नंबर)

पत्र थोडं लांब झालं आहे, पण त्यातली वाक्यं सहसा कापू नयेत. 'पाहणी करण्याचा आपला हक्क आम्हाला मान्य आहे' हे वाक्य भाडेकरू लिहायला कचरतात. आपण हरकत घेतोय आणि त्यातच समोरच्याचा हक्क मान्य करतोय हे विचित्र वाटतं. पण मालकाच्या मनातली धास्ती नेमकी हीच असते की भाडेकरू आता आपल्यालाच आपल्या घरात येऊ देणार नाही, उद्या घर बळकावेल. ती धास्ती या एका ओळीने जाते, आणि पुढे प्रकरण वकिलाकडे गेलंच तर तुम्ही अडवणूक करत नव्हता याचा लेखी पुरावाही तीच ओळ होते.

हरकत आणि प्रस्ताव हे दोन्ही एकाच पत्रात हवेत. नुसती हरकत घेतली तर मालक 'मग दुरुस्ती कशी करू' असं विचारतो आणि त्याला उत्तर नसतं. नुसता प्रस्ताव ठेवला तर आजवर घडलं ते चालतं असा अर्थ निघतो. म्हणून 'आधी कळवल्याशिवाय येऊ नये' हे वाक्य कृपया-कदाचित-शक्य असल्यास न जोडता सरळ लिहिलं आहे, आणि त्याला लागूनच पद्धत दिली आहे.

२४ तास हा आकडा कायद्यातला नाही, कलम २८ मध्ये किती आधी ते लिहिलेलं नाही. केंद्र सरकारने २०२१ मध्ये राज्यांसाठी नमुना म्हणून मांडलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात मालकाने किमान २४ तास आधी, लेखी किंवा इलेक्ट्रॉनिक माध्यमातून, कारण, दिवस आणि वेळ सांगून यावं असं म्हटलं आहे. तो नमुना राज्याने आपला कायदा म्हणून स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही, त्यामुळे पत्रात त्याचा कायदा म्हणून उल्लेख करू नये. पण चर्चेत 'इतकी मुदत कशाला' असा प्रश्न आला तर हा आकडा आपण हवेतून काढलेला नाही हे सांगायला त्याचा उपयोग होतो. मालक १२ तासांवर अडून बसले तर मान्य करावं. 'आदल्या दिवशी रात्री नऊच्या आत' असं ठरलं तरी काम भागतं. 'खालून फोन करतो' यावर मात्र तडजोड करू नये, कारण ती सूचना नव्हे. फोन वाजेपर्यंत माणूस लिफ्टमध्ये असतो.

तातडीच्या प्रसंगांची यादी मोजकी आणि ठोस ठेवावी. 'तातडीच्या कामासाठी' असं मोघम लिहिलं की भिंतीची ओलही तातडीची होते. ओल दोन दिवस थांबू शकते. फुटलेला पाइप थांबू शकत नाही, खालच्या मजल्यावरच्या घराचं छत भिजतं. हा फरक पत्रातच आला तर नंतर वाद होत नाही. सेक्रेटरींना किंवा वॉचमनला सोबत घ्यायची अट मालकाच्याही फायद्याची आहे. पुढेमागे घरातून काही गेलं असं भाडेकरू म्हणाला तर साक्षीदार असतो, आणि हे काकांना बोलताना जरूर सांगावं.

किल्लीच्या बाबतीत लोक दोन टोकं गाठतात. काही भाडेकरू परस्पर कुलूप बदलतात. बऱ्याच करारांत मालकाच्या संमतीशिवाय घरात बदल करू नये अशी अट असते, आणि लॅच बदलला की इतके दिवस दोष मालकाकडे होता तो तुमच्याकडे येतो. शिवाय खरोखर पाइप फुटला आणि मालकाला आत जाता आलं नाही तर नुकसान तुमच्या नावावर जाईल. दुसरं टोक म्हणजे किल्ली परत मागणं. मालक ती सहसा देत नाहीत, आणि दिली तरी दुसरी करून घेतलेली नाही याची खात्री कशी करणार? सही केलेल्या पाकिटाचा तोडगा साधा आहे, पण त्यात मालकाचा मान राहतो आणि पाकीट उघडलं की ते लपत नाही. घरात असताना आतून कडी लावायला मात्र कुणाच्या परवानगीची गरज नाही. ती लावत जावी.

मालकाचं सामान घरात असेल, मग ते माळ्यावर असो की एखाद्या कुलूपबंद कपाटात, तर येण्याचं अर्धं कारण तेच असतं. एक दिवस ठरवून ते नेऊ द्यावं, चहा करावा आणि जाताना काय काय नेलं त्याचा फोटो काढून मालकाला व्हॉट्सॲपवर पाठवावा. नेणं शक्य नसेल तर कपाटातल्या सामानाला हात लावणार नाही असं तुम्ही लिहून द्यावं आणि ते पाहायलाही सूचना देऊनच यायचं असं ठरवावं.

पत्रावर करारात ज्यांची नावं आहेत त्या सगळ्यांनी सही करावी. आणि पत्र कुणाला लिहायचं हेही करारात पाहूनच ठरवावं. कित्येकदा फ्लॅट मुलाच्या नावावर असतो, मुलगा बंगळूरला किंवा परदेशात, आणि फेऱ्या मारतात ते त्याचे वडील. अशा वेळी पत्र मुलाच्या नावाने लिहून वडिलांना प्रत द्यावी. वडिलांना अधिकृत प्रतिनिधी म्हणून येता येतं, पण मालकाला जे बंधन तेच प्रतिनिधीलाही. मुलाला ईमेल करण्याआधी वडिलांना सांगावं की असं पत्र पाठवतोय. पाठीमागून तक्रार केल्याचं त्यांना कळलं तर त्यानंतरचे महिने जड जातात.

पत्र स्वतः नेऊन द्यावं, वॉचमनकडे ठेवू नये. दोन प्रती न्याव्यात. काकांनी तुमच्या प्रतीवर 'मिळाले' असं लिहून तारखेसह सही दिली तर उत्तम. सही करायला नको म्हणाले तर आग्रह करू नये. घरी येऊन त्याच पत्राची पीडीएफ त्यांना व्हॉट्सॲपवर पाठवावी आणि लिहावं, 'काका, आज संध्याकाळी दिलेलं पत्र सोबत पाठवत आहे.' आणखी पक्कं करायचं असेल तर करारातल्या पत्त्यावर स्पीड पोस्टने एक प्रत पाठवावी आणि पावती व ट्रॅकिंगचा स्क्रीनशॉट जपावा.

बहुतेक मालक या पत्रावर आधी चिडतात आणि मग मान्य करतात. चिडून फोन आला तर फोनवर वाद घालू नये. 'तुम्हाला कोणता मुद्दा पटला नाही ते सांगा, आपण बदलू' एवढंच म्हणावं. कोथरूडच्या उदाहरणात काकांना बुधवारची वेळ अडचणीची असेल, कारण विकत घेणारे लोक रविवारीच मोकळे असतात. मग बुधवार काढून रविवार सकाळ द्यावी. बोलणं झाल्यावर तासाभरात मेसेज पाठवावा : 'काका, आज ठरल्याप्रमाणे फ्लॅट दाखवण्यासाठी शनिवार ११ ते १ आणि रविवार १० ते १२. बाकी पत्रातल्याप्रमाणे.' त्यावर आलेलं 'ओके'सुद्धा तुमचा लेखी पुरावा असतो. आणि ठरल्यावर ते तुम्हीही पाळावं. त्यांनी आदल्या दिवशी मेसेज केला आणि तुम्ही दोन दिवस उत्तरच दिलं नाही, तर पुढच्या वेळी ते मेसेज करणार नाहीत.

पत्रात घालू नयेत अशा गोष्टीही आहेत. भाडं थांबवण्याची धमकी देऊ नये आणि खरोखर थांबवूही नये. भाडं थकलं की करार मोडल्याचा ठपका तुमच्यावर येतो आणि येण्याजाण्याचा मुद्दा मागे पडतो. डिपॉझिट, रंगकाम, पार्किंग ही गाऱ्हाणी या पत्रात आणू नयेत. पोलिसांचं नाव पहिल्या पत्रात नको. भारतीय न्याय संहितेचं कलम ३२९ गृह-अतिक्रमणाबद्दल आहे, पण त्यासाठी आत येणाऱ्याचा हेतू गुन्हा करण्याचा किंवा तिथल्या माणसाला धमकावण्याचा, अपमान करण्याचा वा त्रास देण्याचा होता हे दाखवावं लागतं. गीझर पाहायला आलेल्या मालकाबाबत ते दाखवणं अवघड आहे, आणि चौकीवर बहुधा 'आपसात मिटवा' असंच सांगितलं जाईल.

पण प्रसंग वेगळा असेल तर सगळंच बदलतं. बाई एकटी असताना मुद्दाम येणं, खोलीत शिरणं, 'घर खाली कर' म्हणून दमदाटी करणं, सामान हलवणं असं घडत असेल तर पत्राची वाट पाहू नये. त्या वेळी ११२ ला फोन करावा, आणि नंतर त्याच तारखांच्या नोंदींसह लेखी तक्रार द्यावी. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जावं. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते.

साध्या प्रकरणात पत्रानंतरही न सांगता येणं चालूच राहिलं तर दुसरं पत्र लिहावं, अर्ध्या पानाचं. पहिल्या पत्राची तारीख, त्यानंतर आलेल्या वेळा, आणि पुन्हा असं झाल्यास वकिलामार्फत नोटीस पाठवू एवढंच त्यात असावं. नोटिशीनंतर दिवाणी न्यायालयाचा मनाईहुकूम मागता येतो. मात्र अकरा महिन्यांच्या करारात त्यात किती शक्ती घालायची, हे उरलेले महिने मोजून ठरवावं. मालकाने चिडून पाणी किंवा वीज तोडली तर तो वेगळा विषय आहे. भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम २९ नुसार मालकाला पुरेशा कारणाशिवाय भाडेकरूच्या आवश्यक सेवा तोडता किंवा अडवता येत नाहीत आणि त्याविरुद्ध न्यायालयात जाता येतं.

करार नोंदवलेलाच नसेल तर पुष्कळ भाडेकरू आपली बाजू दुबळी समजून गप्प बसतात. खरं तर कलम ५५ प्रमाणे नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे, आणि नोंदणी नसेल तर करारातल्या अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरलं जातं. ही गोष्ट पत्रात लिहिण्याची गरज नाही, पण ती माहीत असलेला माणूस अधिक शांतपणे लिहितो.

कायदा एका बाबतीत मात्र तुमच्या मदतीला येत नाही, हे जाणूनच पत्र टाकावं. मुदत संपल्यावर करार पुन्हा करायचा की नाही हे मालकाच्या हातात असतं. मुदत संपूनही राहिलात तर कलम २४ नुसार लायसन्स फीच्या दुप्पट दराने भरपाई द्यावी लागू शकते. करार मधेच संपवण्याची मुदत आणि लॉक-इनची अट तुमच्या करारात काय आहे तेही पाहून ठेवावं. मुलांची शाळा जवळ आहे म्हणून याच घरात आणखी दोन वर्षं काढायची असतील तर तोंडी बोलण्याला जास्त वेळ द्यावा आणि पत्राचा सूर मवाळ ठेवावा. दोन महिन्यांत सोडायचंच असेल तर सहा मुद्द्यांपैकी पहिले तीन पुरतात.

करार पुन्हा होणार असेल तर ठरलेली पद्धत नव्या करारात घालून घ्यावी. ऑनलाइन नोंदणीत नेहमीच्या कलमांखेरीज जादा अटी लिहिता येतात, पण एजंट आपणहून विचारत नाही. मसुदा तयार होण्याआधीच त्याला हा मजकूर मेसेज करावा आणि बायोमेट्रिकच्या आधी मसुद्यात आला आहे का ते पाहावं : 'लायसेन्सर किंवा त्यांचे प्रतिनिधी पाहणी, दुरुस्ती अथवा घर दाखवण्यासाठी लायसेन्सीला किमान २४ तास आधी व्हॉट्सॲपवर कारण व वेळ कळवून, सकाळी १० ते संध्याकाळी ७ या वेळेत, लायसेन्सीच्या उपस्थितीत अथवा लेखी संमतीने येतील. आग, गॅसगळती, पाण्याची मोठी गळती व विजेचा धोका या प्रसंगी फोन करून, सोसायटीच्या प्रतिनिधीसह, सूचनेशिवाय प्रवेश करता येईल.'